उरलेले सत्त्याहत्तर ग्रॅम

डाव्या पायाच्या बोटातून रक्त येत होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं. पोळ्या लाटणारीनं दाखवलं. लाटणं हातात तसंच धरून ती म्हणाली, "मावशी, कुठं कापून घेतलं? फरशीवर ठिपके पडलेत की."

मी खाली बघितलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं कातडं सोललं होतं. मोठ्या शेगडीच्या लोखंडी पायाला घासलं असणार. ते दुखत नव्हतं. दुखलं असतं तर मी शेगडीला चार शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागले असते. दुखत नव्हतं म्हणून मी खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले.

माझ्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिलाही साखर होती. तिलाही बोट सोललेलं कळलं नव्हतं. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली पाय. वर्षभरानं तीच गेली. शेवटच्या महिन्यात मी गावी तिच्याजवळ होते. नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून ती रडायची आणि मी चादरीवर, जिथं पाय असायला हवा होता तिथं, खाजवायची. हे मी सुनेलाही कधी सांगितलेलं नाही.

माझी खानावळ काळेवाडीत आहे. मराठवाड्यातून आलो तेव्हा नवरा कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पत्र्याच्या कामावर होता आणि मी त्याच्याबरोबरच्या सहा जणांचे डबे करायची. नवरा गेला, डबे राहिले. आज दोन्ही शिफ्टची माणसं माझ्याकडे जेवतात, शिवाय डबे कंपनीच्या बसमधून चाकणला जातात. मी सातवी शिकलेली. पण कुठल्याही दुकानदाराने मला कधी फसवलेलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, तो समोरच्या गल्लीपर्यंत जातो, आणि लोक हसतात ते मला माहीत आहे. हसू देत.

बोट बघून सुनेनं मला दुसऱ्याच दिवशी चिंचवडला नेलं. स्टेशनजवळच्या इमारतीत खाली डॉक्टर आणि वर आहार सांगणारी बाई बसते. डॉक्टर साठीचे, कमी बोलणारे. उपाशीपोटी साखर दोनशे बारा निघाली. त्यांनी बोटाला पट्टी केली, सकाळी न्याहारीच्या आधी घ्यायची एक गोळी दिली आणि म्हणाले, "वर जा. जेवण ठरवून घ्या."

वरची मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. टेबलावर वजनकाटा, मोजायचे कप, प्लॅस्टिकची केळी आणि सफरचंदं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुनेला विचारलं, "काकूंना वाचता येतं ना?"

मी तिथंच बसले होते. माझ्याच पायाला पट्टी होती.

सून म्हणाली, "हो, येतं." त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मी प्लॅस्टिकच्या केळ्याकडे बघत राहिले. तो प्रश्न मी अजून विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पण त्या रागात मी एक काम केलं. त्या मुलीचा कागद मी उलटा वाचला. घाऊक बाजारात समोरच्याच्या वहीतलं उलट्या बाजूनं वाचायची मला तीस वर्षांची सवय आहे.

तिनं वर लिहिलं, दिवसाच्या कॅलरी पंधराशे. खाली प्रोटीन सत्तर ग्रॅम, आणि त्यापुढे चारनं गुणून दोनशे ऐंशी. मग फॅट, म्हणजे तेल-तूप-दाणे, पंचेचाळीस ग्रॅम, नऊनं गुणून चारशे पाच. दोन्हींची बेरीज सहाशे पंच्याऐंशी. ती पंधराशेतून वजा केली, आठशे पंधरा उरले. त्याला चारनं भागलं आणि लिहिलं दोनशे चार. मग चार खोडून नुसते दोनशे केले आणि त्याभोवती गोल काढला.

"हे काय?" मी विचारलं.

ती जरा दचकली. "हे कार्ब, काकू. भाकरी, भात, पोळी, फळं, बटाटा, सगळं त्यात येतं. दिवसाला दोनशे ग्रॅम."

"दोनशे ग्रॅम भाकरी?"

"नाही नाही. भाकरीतले कार्ब. चाळीस ग्रॅम पिठाची भाकरी केली तर तिच्यात साधारण अठ्ठावीस."

"आणि हा आकडा आला कुठून?"

"प्रोटीन आणि फॅट किती हवं ते आधी ठरवायचं. त्या दोघांच्या कॅलरी बाजूला काढल्या की जे उरतं ते कार्बला."

"म्हणजे उरलंसुरलं."

"तसं म्हणा."

मला ते पटलं. मी लगेच म्हटलं, "मग तेल जरा वाढवा. पंचेचाळीसमध्ये माझ्या भाजीला तवंगसुद्धा यायचा नाही. शेंगदाण्याचा कूट नको? आमच्याकडं कुटाशिवाय काही होत नाही. साठ करा."

"नाही काकू, पंचेचाळीसच ठेवू."

"पंचावन्न."

तिनं सुनेकडे बघून हसत म्हटलं, "काकू, ही मंडई नाहीये."

सूनही हसली. मी उठले आणि जिना उतरले. पट्टीचा पाय पायरीवर जोरात टेकला, तोही दुखला नाही. मागं त्या दोघी अजून काहीतरी बोलत होत्या. मी थांबले नाही.

महिनाभर मी दोनशेवर राहिले. सून काट्यावर पीठ मोजून द्यायची. सकाळी पोहे वाटीभर, अकराला एक फळ, दुपारी दोन भाकऱ्या, संध्याकाळी फुटाणे, रात्री पुन्हा दोन भाकऱ्या किंवा थोडा भात. पहाटे मी बोट टोचून घरच्या मीटरवर साखर बघायची. दोनशे बाराचे एकशे नव्वद झाले, मग एकशे सत्तर, मग एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, चांगलं चाललंय. पण बोटाची जखम भरत नव्हती. कडा पांढऱ्या, मधे ओलं.  बहिणीचीही अशीच दिसत होती, पहिल्या महिन्यात. मला दीडशेवर थांबायचं नव्हतं. मला लगेच खाली यायचं होतं.

माझ्याकडे एक जिममधला ट्रेनर जेवतो. पिंपरीच्या कुठल्याशा जिममध्ये आहे, रोज सहा अंडी आणि कोंबडीचा वेगळा तुकडा मागतो आणि त्यावरून माझ्याशी हुज्जत घालतो. त्याला मी सहज विचारलं, "काय रे भावा, प्रोटीन किती खायचं माणसानं?"

"मावशी, सांगू का, वजनाच्या दुप्पट. तुमचं किती, सत्तर-बहात्तर? मग एकशेचाळीस पकडा."

"आणि भाकरी?"

"भाकरीनंच तर लोकांची वाट लागलीये. कार्ब जेवढे कमी तेवढं चांगलं."

त्यानं मला साखर आहे का विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझी साखर म्हणजे गिऱ्हाइकांत बोलायची गोष्ट आहे का?

त्या दुपारी, पहिली पंगत उठल्यावर, मी डब्यांच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. प्रोटीन एकशेचाळीस, गुणिले चार, पाचशे साठ. फॅट सत्तर. मला हवं होतं तेवढं, कुटासकट, तुपासकट. सत्तर गुणिले नऊ, सहाशे तीस. दोन्ही मिळून अकराशे नव्वद. पंधराशेतून वजा केले, तीनशे दहा. भागिले चार. साडेसत्त्याहत्तर. मी अर्धा सोडून दिला.

दोनदा तपासलं. चुकलं नव्हतं. त्या मुलीनं जसं केलं होतं तसंच, पायरीला पायरी. मला फार बरं वाटलं. मी कोणाला न विचारता, माझे दोन भाव माझ्या मनासारखे बसवले होते. बाजारातही मी असंच करते. मला जे दोन जिन्नस पाहिजेत त्यांचा भाव आधी पक्का करते, तिसऱ्यावर समोरच्याला काय उरलं ते तो बघून घेईल. इथं समोरचा कोण आहे, हा विचार माझ्या मनातही आला नाही.

सत्त्याहत्तर असे बसवले: दुपारी एक भाकरी, रात्री एक, म्हणजे छप्पन्न. राहिलेले एकवीस दही, भाजी आणि चहाचं दूध यांत गेले. पोहे गेले, सकाळी नुसती चार अंडी आणि पनीर. अकराचं फळ बसत नव्हतं म्हणून ते गेलं, फुटाणे गेले. सुनेला म्हटलं, पीठ मीच मोजीन, तुझी ड्युटी सांभाळ. ती घरूनच काम करते, हिंजवडीच्या कंपनीचं, दिवसभर कानात ते लावून बसलेली असते. तिनं ऐकलं. माझं ऐकायची तिला सवय आहे.

गोळी मी रोज घेत होते. न्याहारीच्या आधी, न चुकता. त्यात मी कधीच हयगय केली नाही.

पहिल्या दिवशी एकशे एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे बावीस. चौथ्या दिवशी एकशे चार. मी मीटरवरचा आकडा बघून देवघरासमोर उभी राहिले आणि त्या वरच्या मुलीला मनात म्हटलं, बघ, मंडई नाही म्हणतेस, बघ. सकाळी दहाच्या सुमाराला मला भूक लागायची आणि हात थोडे थरथरायचे. चौथ्या दिवशी तर चहाची कपबशी वाजली. मी ते कामाचं ओझं समजले.

पाचव्या दिवशी, साधारण साडेअकरा वाजले असतील. दुसऱ्या शिफ्टचे सव्वीस डबे ओट्यावर मांडलेले होते. ते पाऊणला रस्त्यावर पोचले नाहीत तर चाकणची बस निघून जाते. मी डबे मोजायला लागले. तेरा, चौदा, पंधरा... आणि पंधराच्या पुढे काय येतं ते मला आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी नऊला अडकले. डबे तेच होते, स्टीलचे, ओळीत. मला त्यांच्या कडा दुहेरी दिसत होत्या.

घाम फुटला होता. शेगडीजवळ घाम येतोच, पण हा गार होता. ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि मला थंडी वाजत होती.

पोळ्या लाटणारी म्हणाली, "मावशी, डब्यात पोळ्या चार-चार घालू का तीन-तीन?"

मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही. तुझ्या बापानं घालून ठेवलेत का, असलं काहीतरी. उलथनं हातात होतं ते फेकलं. ते भिंतीला लागून पडलं.

आणि कोणालाही काही वेगळं वाटलं नाही. त्या काय बोलल्या ते मला नंतर कळलं. लाटणारी भांडी घासणारीला म्हणाली, "चढलं बाई आज लवकरच." भांडी घासणारी म्हणाली, "उलथन्यावर भागलं म्हणून समाधान मान. मागच्या दिवाळीत झारा होता." दोघी हसल्या. मी ते हसणं ऐकत होते, लांबून, विहिरीतून ऐकावं तसं. माझी जीभ जड झाली होती. मला सांगायचं होतं की मला काहीतरी होतंय. त्याऐवजी मी आणखी ओरडत होते. तीस वर्षं मी ओरडत आले, त्यामुळे आता मी खरंच बुडत होते तरी लोकांना ते रोजचंच वाटत होतं.

तेवढ्यात कांदेवाला आला. हा माणूस चाकणजवळच्या गावचा. घरची जमीन थोडी कंपनीत गेली, उरलेल्यात कांदा, आणि टेम्पोतून खानावळींना घालतो. आमचं बारा वर्षांचं भांडण आहे. तो भाव सांगतो, मी त्याला चोर म्हणते, तो पोतं उचलून चाललो म्हणतो, मी जा म्हणते, तो दारापर्यंत जातो, आणि मग आमचं जमतं. यातलं काही चुकलं तर दोघांनाही करमत नाही.

त्यानं पोतं दारात टेकवलं आणि भाव सांगितला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड हलत होतं.

"बरं," मी म्हटलं. "ठेव."

तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "काय म्हणलात?"

"ठेव म्हटलं ना."

"आवो मावशी, आजून मी भाव सांगितलाय नुसता. जास्तीचा सांगितलाय."

"हं."

त्यानं पोतं सोडलं आणि सरळ स्वयंपाकघरात चपलेसकट आला. माझ्या स्वयंपाकघरात चप्पल घालून यायची हिंमत कोणाची होत नाही. त्यानं माझा हात धरला. मी त्याला चापट मारली, आठवतंय, तोंडावरच मारली, पण तिच्यात जोर नव्हता.

"ही गार पडलीय!" तो त्या दोघींना ओरडला. "दात काय काढताय? साखर आना साखर! हिला साखरंचा आजार हाय का?"

"आहे की," लाटणारी म्हणाली, "म्हणून तर साखर द्यायची नाही."

"आगं बाये, आन म्हन्तो ना! माझ्या बापाला असंच व्हतंय. लोक दारू प्याला म्हनत्यात. आन!"

त्यानं पेल्यात तीन चमचे साखर घातली, पाण्यात बोटानंच ढवळली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. मी तोंड मिटून घेतलं. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती: साखर म्हणजे पाय. मी पाण्याकडे बघत होते आणि मला बहिणीची चादर दिसत होती, सपाट. मी मान हलवत होते. नको, नको.

"प्या, मावशी. पाया पडतो तुमच्या. सावकाश, गिळा. प्या, आन् मग मला चोर म्हना."

मी प्याले. अर्धं अंगावर सांडलं. त्यानं पुन्हा केलं.

सून वरच्या घरातून, कानातला हेडफोन तसाच लटकता ठेवून, खाली धावत आली. तिनं बोट टोचलं. शेहेचाळीस. तिच्या हातातून मीटर पडलं. कांदेवाला म्हणाला, "पंधरा मिन्टांनी परत बघा, ताई. रडू नका." पंधरा मिनिटांनी अडुसष्ट. पुन्हा साखरेचं पाणी. मग ब्याण्णव. तोवर मला कळायला लागलं होतं, आणि कळायला लागलं तेव्हाच खरी भीती वाटली. आधी मी नुसती बुडत होते. आता मला पाणी दिसलं.

डबे तेवढ्यात लाटणारीनं मोजून पाठवले होते. सव्वीसच होते.

कांदेवाल्यानं मला आणि सुनेला टेम्पोतच बसवलं. कांद्याच्या वासात आम्ही चिंचवडला गेलो. सून वाटेत सारखी माझा हात दाबून बघत होती. मी म्हटलं, "मेले नाही अजून." मग तिला वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब सांगितला.

डॉक्टरांनी साखर तपासली आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत इथंच झोपायचं. मी म्हटलं, आता बरं आहे, दुपारची पंगत आहे. त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "ही गोळी तासाभरात संपत नाही, बाई. ती अजून तुमच्या अंगात काम करतेय. साखर पुन्हा खाली जाऊ शकते. पंगत जेवेल तिची ती."

म्हणून मी झोपले. दर थोड्या वेळानं नर्स बोट टोचायची. एकदा ती म्हणाली, "एकाहत्तर," आणि मला बिस्किटं दिली. माझे पाय चादरीखाली होते. मी दोन्ही हलवून बघितले. खाण्याला भ्यायचं की न खाण्याला, ते मला समजत नव्हतं. दोन्हीकडून आकडे यायचे आणि मधे मी.

वरची मुलगी खाली आली. सुनेनं घरून माझी डब्यांची वही आणली होती, मागचं पान उघडून तिच्यापुढे धरली. ती खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ वाचत राहिली. मी वाट बघत होते, कुठं चुकलं म्हणते ते. त्या वेळी माझी सगळी इज्जत त्या पानावर होती.

"काकू," ती म्हणाली, आणि या वेळी माझ्याकडे बघून, "हिशेब बरोबर आहे. एकही चूक नाही."

मी घाबरले. चूक असती तर मी ती खोडली असती.

डॉक्टर दारात होते. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण माझी गोळी दोनशेच्या हिशेबानं दिलेली होती. ती तुमच्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही काय खाल्लंत ते ती बघत नाही. दोनशेचे सत्त्याहत्तर केलेत, सकाळी तर जवळजवळ शून्य, आणि गोळी तीच. उरलेला आकडा मोकळा नसतो हो, तो माझ्या गोळीनं धरून ठेवलेला असतो."

"हे मला कोणी सांगितलं?" मी म्हटलं. आवाज चढला, नर्सनं वळून बघितलं. "कोणी सांगितलं मला?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "मी सांगितलं होतं. गोळी चालू असताना कार्ब आपल्या मनानं कमी करायचे नाहीत, आधी विचारायचं. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा. तुमच्या सुनेला सांगितलं."

मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "मी सांगणार होते, आई. पण तुम्ही रिक्षात एवढ्या चिडलेल्या होतात... आणि तुम्ही कमी कराल असं वाटलंच नाही मला. तुम्ही तर तेल वाढवायला सांगत होतात."

 मला त्या मुलीवर ओरडायचं होतं, वाचता येतं ना विचारतेस आणि माझ्या जिवाची गोष्ट दुसरीच्या कानात सांगतेस. ते मी बोललेही. सगळं बोलले, मंडईसकट. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "चुकलं माझं. तुमच्याशीच बोलायला हवं होतं." मी माफ केलं असं इथं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पण सुनेवर मी ओरडले नाही. तिनं मला न सांगण्याचं कारण मी होते आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं.

मुलीनं कोरा कागद काढला. पेन माझ्याकडे दिलं. "तुम्ही मांडा."

पंधराशे लिहिले. "तेल पंचावन्न," मी म्हटलं.

"पंचेचाळीस."

"पन्नास."

तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पन्नास. पण प्रोटीन एकशेचाळीस नाही. मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच. ऐंशी."

ऐंशी गुणिले चार, तीनशे वीस. पन्नास गुणिले नऊ, साडेचारशे. सातशे सत्तर. उरले सातशे तीस. चारनं भागलं, एकशे साडेब्याऐंशी. लिहिताना मी थांबले. या वेळी त्या आकड्याकडे बघायला मला धीर होईना.

"एकशे ऐंशी धरू," ती म्हणाली. "आणि ते दिवसभरात वाटून. सकाळीसुद्धा."

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि कागदाखाली त्यांच्या हातानं लिहिलं: आकडा बदलण्याआधी फोन. मी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला, उलटाही.

याला आता काही महिने झाले. बोटाची जखम भरली, डाग राहिलाय. सकाळची साखर एकशे तीसच्या आसपास असते. त्यावर मी खूश नाही, पण घाई करत नाही. पदराला साखरेची पुडी बांधलेली असते, सुनेनं शिवून दिलेल्या कापडात. ताटात भाकरी पडली की मला अजून दोन भीती एकदमच वाटतात. एक वाढल्याची आणि एक कमी पडल्याची. मी एकशे ऐंशीतून किती गेले ते पुटपुटत जेवते. लाटणारी म्हणते, मावशी जप करतेय.

तिला आणि भांडी घासणारीला मी बजावून ठेवलंय: मी भडकले की आधी माझा हात धरून बघायचा, गार आहे का. त्यामुळे आता मी कोणावर ओरडले की दोघी हात पुसत धावत येतात आणि माझं मनगट पकडतात. भांडणात माझी धारच गेली आहे.

परवा कांदेवाला आला. पोतं टेकवलं, भाव सांगितला. मी लगेच काही बोलले नाही. डब्यांचा विचार चालू होता, एवढंच. वर बघितलं तर त्याचा रंग उडालेला.

"बोला की मावशी," तो म्हणाला. "बोला काहीतरी."

आणि त्याचं तोंड बघून मीच घाबरले. खरंच विचार करत होते का मी, की सुरू झालं होतं? मी मनातल्या मनात पंधराच्या पुढचे आकडे म्हटले. सोळा. सतरा. अठरा. आले.

"चोर आहेस," मी म्हटलं. "अर्ध्यात दे."

तो हसला नाही. "आवाज कमी हाय तुमचा," म्हणाला, आणि पोतं तसंच धरून उभा राहिला.

मी सुनेला हाक मारली, मीटर घेऊन ये म्हटलं. आकडा येईपर्यंत आम्ही तिघं त्या छोट्या काचेकडे बघत होतो. एकशे अठरा.

तेव्हा कुठं तो पोतं उचलून म्हणाला, "अर्ध्यात परवडत न्हाई. चाललो मी."

"जा," मी म्हटलं.